सीएस बदलताना: आधी रजिस्टर, मग निरोप

भोसरी, सातपूर किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या मालकाला विचारून पाहा, "तुमच्या कंपनीचं सभासदांचं रजिस्टर बघायला मिळेल का?" बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, "ते आमच्या सीएसकडे असतं." मिनिट बुक कुठे आहे? सीएसकडे. डिजिटल सहीचं टोकन? तेही त्यांच्याकडेच, कारण फॉर्म तेच भरतात. ही व्यवस्था वर्षानुवर्षे सुरळीत चालते. मग एके दिवशी फीवरून वाजते, किंवा सल्लागार फोन उचलेनासे होतात, किंवा बँक नव्या कर्जासाठी कागद मागते, आणि कंपनीचा निम्मा इतिहास दुसऱ्याच्या कपाटात आहे हे मालकाच्या लक्षात येते.

हे असे होण्याला कायद्याची रचनाही थोडी कारण आहे. ज्या प्रायव्हेट कंपनीचे भरणा झालेले भांडवल १० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, तिला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो. त्याखालच्या कंपन्यांवर ती सक्ती नाही. पण वर्षाची विवरणपत्रे, सभांची इतिवृत्ते आणि रजिस्टरे त्यांनाही चुकत नाहीत. म्हणून त्या प्रॅक्टिस करणाऱ्या सीएसला, किंवा 'कम्प्लायन्सची कामे' करणाऱ्या एखाद्या सल्लागाराला, वर्षाच्या ठरावीक फीवर बांधून घेतात. यालाच रिटेनर म्हणतात. कंपनीची नोंदणी त्यानेच केलेली असते, शिक्का त्यानेच बनवून घेतलेला असतो आणि फाइलही पहिल्या दिवसापासून त्याच्याच ऑफिसात वाढत गेलेली असते.

हा रिटेनर संपवणे कायद्याच्या दृष्टीने अगदी सोपे आहे. अवघड असते ते कागद परत आणणे, आणि त्यातही नेमके कुठले कागद आधी आणायचे हे ओळखणे.

कोणाला काढतो आहोत?

ऑडिटर बदलणे आणि सीएसचा रिटेनर संपवणे यांत अनेक मालकांची गल्लत होते. ऑडिटरची नेमणूक कायद्याने होते. त्याला मुदतीआधी काढायचे तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आणि विशेष ठराव लागतो. पूर्णवेळ सेक्रेटरी हा कंपनीचा अधिकारी असतो. तो गेला तर रजिस्ट्रारकडे डीआयआर-१२ फॉर्म भरावा लागतो आणि सहा महिन्यांत त्याची जागा भरावी लागते. रिटेनरवरचा सीएस यांपैकी कोणीच नाही. तो करारावर काम करणारा बाहेरचा व्यावसायिक आहे. त्याला थांबवण्यासाठी सरकारदरबारी कोणताही फॉर्म नाही आणि कोणाची परवानगीही नाही. एंगेजमेंट लेटरमध्ये एक-दोन महिन्यांची नोटीस लिहिली असेल तर ती पाळायची. लेटरच नसेल तर वाजवी मुदत देऊन लेखी कळवायचे.

याचीच दुसरी बाजू मात्र मालकाला बोचणारी आहे. सल्लागार कंपनीचा अधिकारी नसल्यामुळे रजिस्टर नसल्याचा दंड त्याच्यावर येत नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८८ प्रमाणे सभासदांचे रजिस्टर न ठेवल्यास कंपनीला ३ लाख आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५० हजार रुपये दंड आहे. 'लहान कंपनी'च्या व्याख्येत बसणाऱ्यांना तो जास्तीत जास्त निम्मा लागतो. छोट्या कंपनीत 'जबाबदार अधिकारी' म्हणजे संचालकच. आणि रजिस्टर ठेवायचे कुठे, हेही कलम ९४ सांगते: नोंदणीकृत कार्यालयात. जिथे एक दशांशाहून अधिक सभासद राहतात अशा देशातल्या दुसऱ्या ठिकाणी ते ठेवता येते, पण त्याला विशेष ठराव लागतो. सल्लागाराच्या ऑफिसात रजिस्टर ठेवायचा असा ठराव बहुतेक कंपन्यांनी कधीच केलेला नसतो. म्हणजे रजिस्टर परत मागणे हा मालकाचा हट्ट नाही. ते मुळातच त्याच्या ऑफिसात असायला हवे होते.

पोर्टलवर काय आहे आणि काय नाही

भांडण होईल या भीतीने मालक आधी एमसीएच्या पोर्टलवरचे कागद आठवतात आणि घाबरतात, 'आमचे सगळे फाइलिंग त्यांच्याकडे आहे!' प्रत्यक्षात ही काळजी सर्वांत कमी करायला हवी. कंपनीने रजिस्ट्रारकडे भरलेले बहुतेक दस्तऐवज पोर्टलवर 'व्ह्यू पब्लिक डॉक्युमेंट्स'मध्ये कोणालाही १०० रुपये भरून पाहता आणि उतरवून घेता येतात. मेमोरँडम, आर्टिकल्स, नोंदणी प्रमाणपत्र, नवे शेअर दिल्याचे पीएएस-३, संचालक बदलल्याचे डीआयआर-१२, दरवर्षीचे ताळेबंदाचे एओसी-४ आणि वार्षिक विवरणपत्र एमजीटी-७ किंवा ७ए हे सगळे तिथे सापडते. प्रमाणित प्रत हवी असेल तर पानामागे २५ रुपये मोजून मिळते. सल्लागाराने एकही कागद दिला नाही तरी हा भाग एका दुपारी हातात येतो.

पोर्टलवर जे नाही तेच खरे महत्त्वाचे आहे. सभासदांचे रजिस्टर (एमजीटी-१) पोर्टलवर नसते. संचालकांचे रजिस्टर, बोज्यांचे रजिस्टर (सीएचजी-७), संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांचे रजिस्टर (एमबीपी-४) यांपैकी काहीच तिथे नसते. संचालक मंडळाच्या आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते नसतात. एखाद्या फॉर्मला जोडलेला ठरावाचा उतारा तेवढा सापडतो. शेअर हस्तांतरणाचे सही-स्टॅम्प असलेले एसएच-४ फॉर्म, रद्द केलेली शेअर सर्टिफिकेटे, संचालकांची एमबीपी-१ घोषणापत्रे आणि हजेरीपत्रकेही तिथे मिळत नाहीत.

यांत सर्वांत मोलाचे सभासदांचे रजिस्टर. कलम ९५ प्रमाणे कंपनीचे रजिस्टर हा त्यात लिहिलेल्या गोष्टींचा प्रथमदर्शनी पुरावा असतो. शेतजमिनीच्या व्यवहारात सात-बारावर नाव चढले की नाही हे आधी पाहतात, तसे शेअरच्या बाबतीत आधी रजिस्टर पाहिले जाते. प्रायव्हेट कंपनीत एकाने दुसऱ्याला शेअर विकले, तर त्या व्यवहारापुरता रजिस्ट्रारकडे कोणताही स्वतंत्र फॉर्म जात नाही. मंडळाने हस्तांतरण मंजूर करायचे आणि सात दिवसांत रजिस्टरमध्ये नोंद करायची, एवढेच. सरकारला ते कळते वर्षाच्या शेवटी, वार्षिक विवरणपत्रातून. ते विवरणपत्र भरताना सल्लागाराने मागच्या वर्षाची यादी तशीच उचलून चिकटवली असेल, तर पोर्टलवर चुकीचे नाव राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

एक उदाहरण, आकड्यांसकट

हे कसे घडते ते पाहण्यासाठी एक काल्पनिक पण नेहमीच्या पठडीतली कंपनी घेऊ. भोसरीत सुट्या भागांचे काम करणारी, दोन भाऊ आणि त्यांचे दाजी यांनी २०१४ साली काढलेली. दहा रुपयांचे १०,००० शेअर. थोरल्याचे ५,०००, धाकट्याचे ३,०००, दाजींचे २,०००. शेअरवर अनुक्रमांक असतात: थोरल्याचे १ ते ५०००, धाकट्याचे ५००१ ते ८०००, दाजींचे ८००१ ते १००००. २०१९ मध्ये भांडवल वाढवताना थोरल्याला आणखी ५,००० शेअर दिले, क्रमांक १०००१ ते १५०००. ऑगस्ट २०२१ मध्ये दाजींनी आपले २,००० शेअर धाकट्याच्या पत्नीला, शेअरमागे ५० रुपयांनी, म्हणजे एक लाखाला विकले. पैसे बँकेतून गेले. दाजींनी एसएच-४ वर सही केली आणि कागद सल्लागाराकडे पाठवले. सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला.

आता कंपनीला सीएस बदलायचा आहे. थोरल्याने आधी पोर्टलवरून सगळी वार्षिक विवरणपत्रे उतरवून घेतली. मार्च २०२१ अखेरच्या विवरणपत्रात दाजींचे २,००० शेअर आहेत, ते बरोबर. मार्च २०२२ अखेरच्या विवरणपत्रात धाकट्याच्या पत्नीचे नाव यायला हवे होते. तिथेही दाजीच. २०२३ आणि २०२४ मध्येही दाजीच.

इथे प्रश्न एकच उरतो: रजिस्टरमध्ये काय लिहिले आहे? ऑगस्ट २०२१ मध्ये मंडळाचा ठराव झाला असेल, रजिस्टरमध्ये नोंद असेल, दाजींच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतरणाची नोंद आणि सही असेल, तर मालकी नीट हलली आहे आणि पोर्टलवरची विवरणपत्रे चुकली आहेत. ती चूक कशी निस्तरायची हे नव्या सीएसने पाहावे, पण शेअर कोणाचे यावर वाद उरत नाही. उलट, सही केलेला एसएच-४ सल्लागाराच्या फाइलमध्ये तसाच पडून असेल, ठराव नसेल, रजिस्टर कोरे असेल, तर कंपनीच्या लेखी दाजी आजही सभासद आहेत. एसएच-४ सही झाल्यापासून ६० दिवसांत कंपनीकडे पोचायला हवा आणि त्यावर पुरेशी स्टॅम्प ड्युटी भरलेली हवी. जुलै २०२० पासून हा दर किमतीच्या ०.०१५ टक्के आहे, म्हणजे एक लाखाच्या व्यवहारावर फक्त १५ रुपये. ते १५ रुपयांचे स्टॅम्प लावून रद्द केलेले नसतील, तर तोही दोषच. नात्यात गोडी असेल तर दाजी आजच्या तारखेचा नवा एसएच-४ सही करून देतील, मंडळ तो मंजूर करील आणि नोंद होईल. नात्यात दरी पडली असेल, तर रजिस्टर दुरुस्तीचा अर्ज घेऊन मुंबईच्या कंपनी लवादाकडे जाण्याची वेळ येते. तिथे तो जुना एसएच-४ आणि बँकेची नोंद हेच धाकट्याच्या पत्नीचे पुरावे असतात, आणि त्यातला पहिला सल्लागाराच्या कपाटात आहे.

म्हणूनच निरोपाचे पत्र पाठवण्याआधी, संबंध गोड असतानाच, रजिस्टर, मिनिट बुक आणि एसएच-४ मागवून घ्यावेत. "बँकेला दाखवायचे आहे" किंवा "ऑफिसात ठेवायचे आहे" एवढे कारण पुरते. खरे तर कारणाचीही गरज नाही, कारण वस्तू कंपनीची आहे.

वेळ कोणती निवडावी

मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या कंपनीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभा ३० सप्टेंबरला झाली तर एओसी-४ तीस दिवसांत, म्हणजे ३० ऑक्टोबरपर्यंत, आणि वार्षिक विवरणपत्र साठ दिवसांत, म्हणजे २९ नोव्हेंबरपर्यंत भरायचे. या दोन्ही फॉर्मना उशिराचा दंड दिवसाला १०० रुपये प्रत्येकी आहे आणि त्याला वरची मर्यादा नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सल्लागार बदलला की जुना म्हणतो 'आता नवा बघेल', नवा म्हणतो 'कागद आल्याशिवाय हात लावणार नाही', आणि मीटर चालू राहतो. सलग तीन वर्षे विवरणपत्रे गेली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो, म्हणून हा खेळ लांबवू नये. दोन्ही फॉर्म भरून झाल्यावर, डिसेंबर ते मार्च या काळात बदल करणे सर्वांत सोयीचे.

एक अपवाद लक्षात ठेवावा. रजिस्ट्रारने एखादा फॉर्म दुरुस्तीसाठी परत पाठवला असेल तर तो पुन्हा भरायला १५ दिवस असतात. असा फॉर्म लटकलेला असताना ज्याच्या लॉगिनमधून तो भरला त्यालाच निरोप दिला, तर मुदत सहज निसटते. तेव्हा पत्र पाठवण्याआधी 'सध्या कुठला एसआरएन प्रलंबित आहे का?' हे मेलवर विचारून लेखी उत्तर घ्यावे. बोज्यांची यादीही पाहून घ्यावी. पोर्टलवर ती सहज दिसते. २०१९ चे कर्ज फिटले, बँकेने ना-हरकत दिली, पण बोजा उतरवण्याचा सीएचजी-४ कोणी भरलाच नाही, असे नेहमी आढळते. तो ३० दिवसांत भरायचा असतो, जादा फी भरून ३०० दिवसांपर्यंत चालतो. त्यापुढे विलंब माफ करून घेण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. असे अर्धवट काम जुन्याकडून पूर्ण करून घ्यायचे की नव्याला द्यायचे, हे आधी ठरलेले बरे.

पत्र आणि हस्तांतर

मंडळाच्या बैठकीत साधा ठराव करावा: अमुक तारखेपासून रिटेनर संपवण्यात येत आहे आणि कंपनीची सर्व रजिस्टरे व कागद ताब्यात घेण्याचा अधिकार अमुक संचालकाला देण्यात येत आहे. कायदा रिटेनरसाठी असा ठराव मागत नाही. पण रजिस्टरचा ताबा सेक्रेटरीकडे किंवा मंडळाने अधिकार दिलेल्या व्यक्तीकडे असावा असे नियम सांगतो, त्यामुळे ताबा घेणाऱ्याचे नाव ठरावात असणे उपयोगी पडते. मग मेल आणि स्पीड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी पत्र जावे. त्यात रागाचा शब्द नसावा. मजकूर साधारण असा असावा:

"आमच्या करारातील नोटीसच्या अटीप्रमाणे आपली सेवा ३१ जानेवारीअखेर संपवत आहोत. सोबतच्या यादीतील रजिस्टरे, मिनिट बुके, शेअर सर्टिफिकेटे, हस्तांतरणाचे फॉर्म, भरलेल्या फॉर्मच्या प्रती व चलने आणि संचालकांची डिजिटल सही टोकने आमच्या नोंदणीकृत कार्यालयात किंवा आपल्या कार्यालयात आमच्या अधिकृत संचालकाकडे द्यावीत. आपली थकीत फी असल्यास तपशिलासह बिल पाठवावे. मान्य रक्कम हस्तांतराच्या दिवशी देऊ."

यादी हाच या पत्राचा जीव असतो. 'सर्व कागदपत्रे' असे मोघम लिहिले की एक गठ्ठा येतो आणि त्यात काय नाही हे सहा महिन्यांनी कळते. यादीत प्रत्येक रजिस्टर वेगळे लिहावे, मिनिट बुकची वर्षे लिहावीत, एसएच-४ किती ते लिहावे. हस्तांतराच्या दिवशी संचालकाने स्वतः बसून प्रत्येक वही उघडावी. मिनिट बुकची पाने सलग क्रमांकाने आहेत का, प्रत्येक इतिवृत्तावर अध्यक्षाची सही आहे का, शेवटची बैठक कुठली, हे पाहावे. सभासदांच्या रजिस्टरमध्ये सगळे क्रमांक मिळून १ ते १५००० होतात का, मध्ये कुठे भोक किंवा दुबार नोंद नाही ना, हे कागदावर बेरीज करून पाहावे. आपल्या उदाहरणातली चूक या एकाच बेरजेतून दिसणार नाही, कारण दाजींचे आणि वहिनींचे शेअर तितकेच. म्हणून ८००१ ते १०००० या क्रमांकांसमोर कोणाचे नाव आहे आणि त्या सर्टिफिकेटच्या पाठीवर काय लिहिले आहे, ते स्वतंत्रपणे ताडून पाहावे. जे आले त्यावर 'मिळाले', जे नाही त्यावर 'मिळाले नाही' असे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. या यादीची एक प्रत सल्लागारालाही सोयीची असते, कारण उद्या कोणी 'तुमच्याकडेच राहिले' म्हटले तर त्याच्याकडेही पुरावा असतो.

रजिस्टर संगणकात ठेवायला कायद्याची हरकत नाही. सल्लागार ते एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा एक्सेलमध्ये ठेवत असेल, तर मूळ फाइल आणि सही केलेली पीडीएफ दोन्ही घ्याव्यात. नुसती छापील प्रत घेतली तर पुढच्या नोंदी जोडताना सगळे पुन्हा टंकावे लागते.

टोकन, लॉगिन आणि मेल

कागदांच्या गडबडीत राहून जाते ते डिजिटल सहीचे टोकन. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे ज्याच्या नावाची सही त्याने तिची किल्ली आपल्या ताब्यात राहील अशी काळजी घ्यायची असते. म्हणजे टोकन आणि त्याचा पासवर्ड सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये ठेवणे ही संचालकाचीच ढिलाई ठरते. टोकन मिळाल्याबरोबर पासवर्ड बदलावा. टोकनमधून किल्ली बाहेर काढता येत नाही, त्यामुळे टोकन हातात आले आणि पासवर्ड बदलला की पुरेसे आहे. टोकन मिळतच नसेल तर मात्र वाट पाहू नये. ज्या प्रमाणन संस्थेने सही दिली तिच्याकडे स्वतःची ओळख पटवून ती रद्द करून घ्यावी, नवी काढावी आणि एमसीएच्या खात्याशी पुन्हा जोडावी.

दुसरी गोष्ट मेलची. कंपनीची नोंदणी करताना अनेक सल्लागार कंपनीचा मेल म्हणून स्वतःचाच पत्ता टाकतात. रजिस्ट्रारची नोटीस त्या पत्त्यावर जाते आणि मालकाला पत्ता लागत नाही. कंपनीच्या मास्टर डेटात मेल कुठला आहे हे पाहून तो बदलून घेण्याचे काम जुन्या सल्लागाराच्या शेवटच्या महिन्यातच संपवावे. संचालकांच्या केवायसीतले मोबाइल आणि मेलही तपासावेत, कारण ओटीपी तिथेच येतात.

फी राहिली म्हणून रजिस्टर अडवता येते का?

'आधी दोन वर्षांची फी द्या, मग फाइल न्या' हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १७१ एकूण थकबाकीपोटी दुसऱ्याची वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क मोजक्यांनाच देते: बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयाचे अॅटर्नी आणि विमा-पॉलिसीचे दलाल. बाकी कोणाला तो हवा असेल तर तसा करारच असावा लागतो. कंपनी सेक्रेटरी त्या यादीत नाही. वकिलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात सांगितले की फी थकली म्हणून वकील पक्षकाराची फाइल अडवू शकत नाही. तो निकाल वकिलांपुरता आहे, पण त्यातून दिशा दिसते. कलम १७० मध्ये मात्र एक मर्यादित हक्क आहे: दिलेल्या वस्तूवर कौशल्याचे काम करणाऱ्याला त्याच कामाच्या मजुरीपोटी ती वस्तू ठेवता येते. एखादा सल्लागार त्याचा आधार घेऊ पाहील. त्यामुळे भांडण कोर्टाच्या पायरीपर्यंत नेण्याऐवजी वाद नसलेली रक्कम देऊन टाकणे आणि वादग्रस्त रकमेचे वेगळे लेखी बोलणे ठेवणे शहाणपणाचे. पूर्ण फी अडवून पूर्ण फाइल मागणारा मालक स्वतःचीच बाजू कमजोर करतो.

सल्लागाराचेही काही हक्क आहेत, ते मान्य करावेत. त्याच्या स्वतःच्या टिपणवह्या, मसुदे, तपासण्याच्या याद्या या त्याच्या आहेत. त्या मागू नयेत. ज्या फॉर्मवर त्याने व्यावसायिक म्हणून प्रमाणपत्र दिले आहे त्यांच्या प्रती तो ठेवणारच. कंपनीने दिलेले कागद आणि कंपनीसाठी कायद्याने तयार केलेली रजिस्टरे यांवर मात्र हक्क कंपनीचा.

नवा सीएस काम घेण्याआधी जुन्याला पत्र लिहितो, हे पाहून काही मालकांना राग येतो. कंपनी सेक्रेटरीज कायदा, १९८० च्या पहिल्या अनुसूचीनुसार आधीच्या व्यावसायिकाला लेखी कळवल्याशिवाय त्याची जागा घेणे हे गैरवर्तन आहे. नवा माणूस आपला नियम पाळतो. मात्र ते कळवणे आहे, परवानगी नाही. जुन्याने 'ना-हरकत' दिली नाही म्हणून नव्याचे काम अडत नाही. जुना सल्लागार सीएस असेल आणि कागद देतच नसेल, तर त्याच्या संस्थेकडे, आयसीएसआयच्या शिस्तपालन विभागाकडे, फॉर्म एक मध्ये तक्रार करता येते. तो नुसताच 'कन्सल्टंट' असेल, कोणत्याही संस्थेचा सभासद नसेल, तर हा दरवाजा बंद असतो आणि वकिलाची नोटीसच उरते. रिटेनर देतानाच समोरच्याचा सभासद क्रमांक विचारून घ्यावा, तो याचसाठी.

रजिस्टर मुळात लिहिलेच नसेल तर

हस्तांतराच्या दिवशी कधीकधी कळते की अडवायला काही नाहीच. वही कोरी आहे, किंवा काल रात्री एकाच शाईत, एकाच हातात दहा वर्षे उतरवलेली आहेत. एखाद्या बैठकीच्या हजेरीत त्या वेळी संचालक नसलेल्याचे नाव सापडते. अशी वही स्वीकारू नये, आणि स्वीकारलीच तर तिच्यावर 'अमुक तारखेला मिळाली' असे लिहून वेगळी ठेवावी.

सभासदांचे रजिस्टर पुन्हा उभारता येते. मेमोरँडमवरची मूळ सभासदांची यादी, २०१९ च्या पीएएस-३ ची यादी, दरवर्षीची विवरणपत्रे, एसएच-४, शेअर सर्टिफिकेटे आणि पैसे दिल्या-घेतल्याची बँक नोंद या सगळ्यांतून ओळ ओळ जुळवायची. जुने रजिस्टर मिळाले नाही आणि हे या कागदांवरून नव्याने तयार केले, असा ठराव आजच्या तारखेने करायचा. नोंदीत व्यवहाराची तारीख जुनी असेल, पण नोंद केल्याची तारीख आजचीच असावी. इतिवृत्तांच्या बाबतीत फार जपून राहावे. जुनी तारीख घालून नवे इतिवृत्त लिहिणे ही दुरुस्ती नाही. इतिवृत्तात फेरफार केल्याचा दोष सिद्ध झाला तर कलम ११८ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते १ लाख रुपये दंड आहे. जुन्या निर्णयांबद्दल मेल, बिले, बँक पत्रे हाती असतील तर आजच्या बैठकीत त्यांचा उल्लेख करून ते निर्णय नोंदवावेत.

नव्या सीएसचे एंगेजमेंट लेटर करताना एवढे दोन मुद्दे लिहून घ्यावेत: रजिस्टरे व मिनिट बुके कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात राहतील आणि नोंदींसाठी तो तिथे येईल किंवा पोच देऊन नेईल, प्रत्येक भरलेला फॉर्म व चलन भरल्यापासून सात दिवसांत कंपनीच्या मेलवर येईल. टोकन संचालकाच्या खिशात असेल तर सहीच्या वेळी सीएसला फोन करावा लागेल, थोडी गैरसोय होईल. पण त्यामुळे आपल्या नावाने काय भरले जाते हे संचालकाला दर वेळी वाचावे लागते, आणि २०२२ च्या यादीत दाजींचे नाव दिसले असते तर ते त्याच वर्षी पकडले गेले असते.